वॉलेटमध्ये पैसे भरता येत नाहीत, मदत हवी आहे

कोपरखैरणेकर: दोन दिवस डोकं उठलंय. वॉलेटात 1240 रुपये आहेत, आज हजार भरायला गेलो तर 'मर्यादा ओलांडली'. दहा हजारांपर्यंत ठेवता येतात ना? बहिणीला पाचशे पाठवायचे होते, तेही जाईनात. केवायसी झालेलं आहे. लवकर सांगा.

ठाण्याची संध्या: यूपीआयला दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. 24 तास थांबा, आपोआप होईल.

जुना खातेदार: संध्याताई, ते बँक खात्याचं झालं, हे वॉलेटबद्दल विचारताहेत. कोपरखैरणेकर, केवायसी म्हणजे नक्की काय केलंत? आणि या महिन्यात एकूण भरलेत किती? शिल्लक नकोय.

कोपरखैरणेकर: आधार नंबर टाकला, ओटीपी दिला, झालं की! 1 तारखेला 4000, 9 ला 3000, 17 ला 2500 भरले. किराणा आणि रिक्षात गेले. पण त्याचा इथे काय संबंध?

जुना खातेदार: तिथेच तर मेख आहे. छोट्या वॉलेटला रिझर्व्ह बँकेने दोन वेगळ्या मर्यादा घातल्यात. शिल्लक कधीही 10,000 च्या वर जायला नको, आणि महिन्यात भरलेले पैसेही मिळून 10,000 च्या वर नकोत. दुसऱ्या हिशेबात खर्च वजा होत नाही. तुमचे 9500 भरून झालेत, त्यात हजार घातले की 10,500. आज 500 भरून बघा, जायला हवेत.

पाठवण्याचं दुखणं निराळं. नंबर टाकणं म्हणजे नुसतं किमान केवायसी. अशा वॉलेटातून दुकानदाराला पैसे देता येतात, माणसाला पाठवता येत नाहीत, पाच रुपयेसुद्धा.

मुलुंड चेकनाका: एवढं कशाला? 1 तारखेपर्यंत थांबा, सगळं सुटेल.

जुना खातेदार: भरण्याचं सुटेल. बहिणीचे पैसे 1 तारखेलाही अडणारच.

ऐरोलीचा पिंट्या: माझ्या फास्टॅगचंही असंच अडलंय, त्यातही केवायसी मागताहेत. कोणी सांगेल का?

मुलुंड चेकनाका: ऐरोली नाक्यावर मोटारींना आता टोल कुठे आहे, पिंट्या?

ऐरोलीचा पिंट्या: पुण्याला जायला लागतो की हो!

ठाण्याची संध्या: बहिणीला बँकेतून थेट यूपीआय करा ना. वॉलेटचा हट्ट कशाला?

कोपरखैरणेकर: पासबुकात वीस-वीस रुपयांच्या नोंदींची रांग नको म्हणून वॉलेट. असो, 500 गेले! पाठवणं सुरू करायला काय करू?

जुना खातेदार: पूर्ण केवायसी. ॲपमधूनच व्हिडिओ कॉल लावा, मूळ पॅन हाताशी ठेवा. मग शिल्लक दोन लाखांपर्यंत चालते. पण बहिणीचं खातं आधी लाभार्थी म्हणून नोंदवा, नाहीतर पाठवायला महिन्याला 10,000 चीच मर्यादा. आणि कॉल तुम्ही ॲपमधून लावायचा. 'केवायसी संपतंय' म्हणून कुणी लिंक पाठवली तर दाबू नका.

कोपरखैरणेकर: लावला. पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव आहे, आधारवर नुसतं आद्याक्षर. बाईंनी 'जुळत नाही' म्हणून कॉल ठेवला. आता पॅन बदलू की आधार?