एलएम१८७५: डमी लोडवर गार, स्पीकर लावला की तापतो. आउटपुटवरच्या आर-सी जोडीबद्दल सल्ला हवा

डागडुजी_सांगली
व्हेरोबोर्डवर दोन एलएम१८७५ घेऊन स्टिरिओ अँप्लिफायर केलाय. सप्लाय ±२४ व्होल्ट, फीडबॅकला २० के आणि १ के. ८ ओहमच्या जाड रेझिस्टरवर लावला की तासभर चालवूनही हीटसिंक कोमट. तेच टू-वे बॉक्स लावले की गाणं सुरू न करताच पाच मिनिटांत हात ठेववत नाही. आवाज ठीक आहे, थोडी खरखर वाटते.

आउटपुटवर १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड सर्किटप्रमाणे लावले होते. पहिल्याच दिवशी डाव्या चॅनलचा १ ओहम (पाव वॅट) काळा पडला. दुकानदार म्हणाला, जास्त वॅटचा लाव. १ ओहम मोठा मिळाला नाही म्हणून १० ओहम ५ वॅटचा पांढरा सिमेंटवाला दोन्हीकडे लावला. बोर्डवर मावेना, म्हणून मागच्या स्पीकर टर्मिनलवर बसवला. आता जळत नाही, पण आयसी तापतोच. कुठला रेझिस्टर घेऊ?

मंद्र_सप्तक
स्पीकरचा इम्पिडन्स वर चढत जातो, तो सपाट करायला ही जोडी असते. तुमची किंमत चुकली आहे. वूफरचा डीसी रेझिस्टन्स मोजा, त्याच्या सव्वापट रेझिस्टर घ्या आणि कॉइलच्या हेन्रीला त्या रेझिस्टरच्या वर्गाने भागा. माझ्या ६.२ ओहम, अर्धा मिलिहेन्रीच्या वूफरला ७.५ ओहम आणि ९ मायक्रोफॅरडच्या आसपास आले. ०.२२ ने काय होणार?

जुना_रेडिओवाला
मंद्र, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो क्रॉसओव्हरचा. दोघांनाही झोबेल म्हणतात म्हणून हा घोळ नेहमी होतो. तुमची जोडी बॉक्सच्या आत, वूफरवर, क्रॉसओव्हरला सरळ लोड दिसावा म्हणून. ह्यांची जोडी आयसीच्या पायाशी, आयसीसाठी.

सांगलीकर, तुमचा आयसी ऑसिलेट होतोय. रेझिस्टर जळला ही तक्रार नव्हे, ती खूण होती. हिशोब करून बघा. पूर्ण २० वॅटवर आउटपुटला साडेबारा व्होल्ट असतात. २० किलोहर्ट्झला ०.२२ चा अडथळा ३६ ओहम, म्हणजे १ ओहममधून जेमतेम ०.३५ अँपिअर जातात आणि त्यात ०.१२ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा निवांत राहतो. आता आयसी १ मेगाहर्ट्झला नुसत्या ३ व्होल्टनी थरथरतोय असं धरा. तिथे कपॅसिटर पाऊण ओहमसुद्धा उरत नाही. करंट जवळजवळ अडीच अँपिअर आणि रेझिस्टरमध्ये सहा वॅट. काळा पडणारच. मोठा रेझिस्टर लावून तुम्ही फक्त बोंब मारणाऱ्याचं तोंड बंद केलंत.

सुबोध_कोथरूड
म्हणजे ती जोडी वरची फ्रिक्वेन्सी ग्राउंडला घालवते, ट्वीटरपर्यंत जाऊ देत नाही, असंच ना?

जुना_रेडिओवाला
अर्धं बरोबर. गाळण्यासाठी नाही, लोड देण्यासाठी आहे. मेगाहर्ट्झला स्पीकरची कॉइल जवळजवळ तुटलेल्या तारेसारखी दिसते. आउटपुटला काहीच जोडलेलं नाही अशा अवस्थेत हे आयसी बिथरतात. डमी रेझिस्टर मात्र तिथेही ८ ओहमच राहतो, म्हणून ह्यांचा आयसी त्यावर शहाण्यासारखा वागला. आर-सी जोडी ऐकू येणाऱ्या पट्ट्यात गप्प बसते आणि वर गेल्यावर १ ओहमचा लोड बनते.

म्हणूनच जागा महत्त्वाची. सिमेंटवाल्याच्या आत तारेचे वेढे असतात, त्यात टर्मिनलपर्यंत जाऊन परत येणारी वायर. सगळं मिळून एक मायक्रोहेन्री धरला तरी २ मेगाहर्ट्झला साडेबारा ओहम होतात. तुमचे १० ओहम वर वेगळेच. जिथे गरज तिथेच जोडी नाहीशी झाली.

बासरी
माझ्या टीडीए७२९४ वर अशी जोडीच नाही. तीन वर्षं झाली, काही होत नाही. उगाच घाबरवता लोकांना.

जुना_रेडिओवाला
त्या आयसीच्या डेटाशीटवरच लिहिलंय की लागत नाही. एलएम१८७५ च्या सर्किटात ती दाखवलेली आहे, म्हणजे लागते. एकाचा जोडा दुसऱ्याच्या पायात घालू नये.

सांगलीकर, हे आधी करा. प्लस सप्लायमध्ये १ ओहम घाला आणि त्यावरचे मिलिव्होल्ट वाचा, तेवढेच मिलिअँपिअर. शांत आयसी ७० च्या आसपास घेतो, १०० च्या वर जाऊ नये. आणि सांगा, ०.१ चे कपॅसिटर पाय ३ आणि ५ पासून किती लांब आहेत? पहिल्यांदा जोडी जागेवर असूनही आयसी थरथरला, तेव्हा मूळ दोष दुसरीकडे आहे.

डागडुजी_सांगली
काका, डावा चॅनल: डमीवर ७१, स्पीकरवर ३१०! ४८ व्होल्टने गुणलं तर जवळजवळ १५ वॅट नुसते बसून. मिडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवला, काट्याच्या एका जागी फुसफुस येते. अँप बंद केला की जाते.

आणि ०.१ चे कपॅसिटर बोर्डवर नाहीतच. सप्लाय बोर्डवर आहेत, तिथून वीतभर वायर. 🙈

जुना_रेडिओवाला
सापडला. पाय ३ आणि ५ ला प्रत्येकी ०.१ फिल्म आणि शेजारी १०० मायक्रोफॅरड, पायांना चिकटून. पाय ४ वर १ ओहमचा साधा कार्बन किंवा मेटल फिल्म, अर्धा वॅट, वायरवाउंड नको. त्याला ०.२२ चा पॉलिएस्टर १०० व्होल्टचा. खालचं टोक ह्याच १०० मायक्रोफॅरडच्या ग्राउंडला, इनपुटच्या ग्राउंडला अजिबात नको. रेडिओवर एक लक्षात ठेवा: फुसफुस नाही म्हणजे ऑसिलेशन नाही असं नव्हे, ते १.६ मेगाहर्ट्झच्या वर असलं तर हा रेडिओ बहिराच. मिलिव्होल्टवर विश्वास ठेवा. कुणाचा स्कोप मिळाला तर साइनच्या खालच्या अर्ध्यावर केस उगवल्यासारखं दिसतं.

डागडुजी_सांगली
रविवार ह्यातच गेला. डावा स्पीकरवर ७२, उजवा ७४. हीटसिंक गार, खरखरही गेली. पाव वॅटचा एक १ ओहम मुद्दाम लावून पाहिला, तासभर बोट ठेवून बसलो, कोमटही नाही.

पण उजवा स्पीकर हॉलच्या पलीकडे आहे. त्याची ९ मीटरची वायर (जुनी शील्डवाली माइक केबल) लावली की १८० वर जातो. वायर काढली की ७४.

मंद्र_सप्तक
माइक केबल स्पीकरला? साधी दोन पदरी तांब्याची वायर घ्या हो.

जुना_रेडिओवाला
केबल बदलाच. शील्डची कपॅसिटी थेट आउटपुटवर येते आणि आर-सी जोडी तिच्यापुढे फारसं करू शकत नाही. तिथे आउटपुट आणि केबल यांच्यामध्ये १० ओहमला समांतर ५ मायक्रोहेन्रीची कॉइल लागते. २० मिलिमीटरच्या वायरिंग पाइपवर १८ गेजच्या इनॅमल तारेचे २० वेढे शेजारी शेजारी गुंडाळले की साधारण तेवढी होते. आर-सी जोडी मात्र कॉइलच्या आधी, पाय ४ वरच राहू द्या.

सुबोध_कोथरूड
कॉइलच्या पुढे, टर्मिनलवर दुसरी आर-सी जोडी लावलेले बोर्ड मी तापकीर गल्लीत पाहिलेत. ती कशाला?

जुना_रेडिओवाला
लांब केबलमधून आत शिरणाऱ्या रेडिओ लहरींसाठी, असं लावणारे म्हणतात. मी लावत नाही, मला फरक मोजता आलेला नाही. ज्याच्या घराजवळ टॉवर आहे त्याने सांगावं.

डागडुजी_सांगली
कॉइल गुंडाळली, १८० चे ७६ झाले. केबल तीच आहे अजून, नवी आणायला शनिवारी जातो. फक्त उजवा आयसी डाव्यापेक्षा एवढा लवकर का बिथरतो ते कळलं नाही, दोन्ही एकाच दुकानातून घेतलेत. अदलाबदल करून बघतो.