१९०१ ची शिरगणती आणि प्लेगचे बळी

पोथीनिष्ठ: माझ्या उत्तरातलं वाक्य: "प्लेगने मुंबईचे ४५,७५८ बळी घेतले. १८९१ ची ८,२१,७६४ लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली, म्हणजे ५.६ टक्के घट." वजाबाकी बरोबर आहे, तरी गुण कापले. का?

जुनीमुंबई: वजाबाकी बरोबर, पण बळींचा आकडा त्यातून येतच नाही. त्या दहा वर्षांत माणसं जन्मली, मेली, आली आणि गेली, त्या सगळ्याचा तो निव्वळ फरक. प्लेग आला १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीत. म्हणजे पहिली पाच वर्षं प्लेगच्या खाती टाकता येत नाहीत. आणि गणती झाली १ मार्चला, ऐन साथीच्या हंगामात, तेव्हा लोक गावी पळालेले. १९०६ ला शहराने वेगळी मोजणी केली तर ९,७७,८२२! पाच वर्षांत २६ टक्के वाढ बाळंतपणांनी होत नाही राव.

कोकण्या: अगदी! आमचे पणजोबा गिरगावातली खोली सोडून बोटीने रत्नागिरीला गेले, ते साथ ओसरल्यावरच परतले. मुंबई रिकामी झाली ती आम्हा कोकणवाल्यांमुळे.

भुलेश्वरकर: झालं सुरू. व्यापारी काय पेढ्यांवर बसून राहिले होते? आमच्या घरातली बायकापोरं काठियावाडला धाडली होती.

कोकण्या: त्यांना आगगाडी होती, आम्हाला बोटीतली धक्काबुक्की.

भुलेश्वरकर: स्टेशनावरची तपासणी कोणी भोगली मग? आमच्या पणजीला गाडीतून उतरवलं होतं. बोटीचं कौतुक पुरे.

सडेतोड: तुमच्या पणज्या-पणजोबांचं नंतर बघू. मुद्दा एवढाच की गोऱ्यांची शिरगणती कचरा आहे, उत्तरात वापरूच नका.

जुनीमुंबई: कचरा कसा? त्या रात्री शहरात किती जण होते, ते ती सांगते. तेवढंच तिच्याकडून घ्या: "१८९१ ते १९०१ मध्ये मुंबईची नोंदलेली लोकसंख्या ५.६ टक्क्यांनी घटली. त्यात १८९६ पासूनच्या प्लेगमुळे झालेले मृत्यू आणि पलायन, दोन्हींचा वाटा होता. १९०६ ला ती पावणेदहा लाखांवर गेल्याने बरेच लोक परतले असावेत." बळींचा आकडा हवा तर पालिकेच्या मृत्यूनोंदी. त्यातही लपवलेले मृत्यू सुटलेलेच, कारण घरात रोगी सापडला तर त्याला इस्पितळात नेऊन घराची झडती घेत.

सडेतोड: मग १९११ ला ९,७९,४४५ च कशी? पाच वर्षांत सोळाशेच वाढ? परतणारे संपले वाटतं!

जुनीमुंबई: प्रश्न चांगला आहे, तुम्ही विचारलात म्हणून वाईट वाटतं. दोन मोजण्या वेगळ्या यंत्रणांच्या, त्यामुळे त्यांची टक्केवारी मी तरी सरळ लावणार नाही.

सडेतोड: आणि १९०१ वरून १९०६ वर २६ टक्के लावताना यंत्रणा एकच होती?

पोथीनिष्ठ: म्हणजे गुण परत मागू की नको?