ऑनलाइन दुकान विकायचंय: किंमत किती सांगू, कागद कोणते लागतील?

समईवाली:
नमस्कार मंडळी. पितळी भांड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान साडेचार वर्षं चालवतेय. स्वतःची वेबसाइट आहे, प्रोप्रायटरशिप आहे. गेल्या वर्षी परत आलेला माल वजा जाता ४८ लाखांची विक्री आणि ११ लाख नफा झाला. सासऱ्यांच्या आजारपणात आता वेळ निघत नाही. एक गिऱ्हाईक माल सोडून १५ लाख म्हणतंय. ओळखीचे म्हणतात, वर्षाच्या विक्रीएवढे माग. खरं काय धरू?

हिशेबनीस:
ताई, विक्रीवर किंमत लावू नका, घेणारा नफाच बघतो. ११ लाखांत तुमचा पगार धरलाय का? माल कुठे ठेवता?

समईवाली:
पगार घेत नाही. पॅकिंग आणि व्हॉट्सॲपवरची उत्तरं मीच बघते, रोजचे चार-पाच तास जातात. माल घरीच वरच्या मजल्यावर असतो, भाडं नाही. हां, गेल्या वर्षी वेबसाइट नव्याने केली, त्याचे १ लाख १० हजार खर्चात आहेत.

हिशेबनीस:
मग असं मांडा. वेबसाइटचा खर्च एकदाच झाला, तो नफ्यात परत मिळवा: १२.१० लाख. तुमच्या जागी माणूस ठेवला तर महिना २० हजार, म्हणजे २.४० लाख वजा. जागेचे महिना ८ हजार धरले तर आणखी ९६ हजार वजा. उरले ८.७४ लाख. एका माणसावर चालणाऱ्या दुकानाला मी दुप्पट ते अडीचपट लावतो. म्हणजे साधारण साडेसतरा ते पावणेबावीस लाख. माल खरेदीभावाने वेगळा.

लाटकर:
माणसाचा पगार वजा करणं मला पटत नाही. घेणारा स्वतः बसणार असेल तर ते २.४० लाख त्याच्याच खिशात राहतात.

हिशेबनीस:
स्वतः बसणारा असेल तर तसं धरतात, मान्य. पण मग पटही कमी लागतो, कारण तो नोकरीही विकत घेतोय.

कोकणमेवा:
मलाही आमसुलं ऑनलाइन विकायचीत. कुठली वेबसाइट स्वस्त पडेल?

समईवाली:
दादा, मी दुकानच विकतेय. तुम्ही वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की सांगते.

लाटकर:
कागदांचं सोपं आहे. जीएसटी नंबरवर नाव बदलून घ्या, झालं.

हिशेबनीस:
नाही हो. प्रोप्रायटरचा नंबर त्याच्या पॅनवर असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. घेणाऱ्याने स्वतःचा काढायचा. चालू धंदा अख्खा दिला तर तुमच्या खात्यात शिल्लक असलेलं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने त्याच्याकडे जातं. त्याला सीएचा दाखला लागतो आणि करारात देणी-घेणीही त्याच्याकडे जातात असं लिहिलेलं असावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. घेणारा एखादा महिना, बहुतेक दिवाळीचा, उचलेल आणि वेबसाइटची विक्री, ३बी रिटर्न आणि बँकेत आलेले पैसे शेजारी ठेवेल. तिन्ही आकडे कधीच सारखे नसतात. वेबसाइटवर कर धरलेला असतो, रिटर्नमध्ये करपात्र रक्कम वेगळी असते, बँकेत गेटवेचं कमिशन कापून येतं. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं ग्राहकाने नाकारली तरी वेबसाइटवर ती विक्रीच दिसत राहते. बारा महिन्यांची ही जुळणी एका पानावर आधीच करून ठेवा. फरकाचं कारण त्याने विचारल्यावर शोधायला बसलात की तो भाव पाडतो.

जुनी पेठ:
मी दोन वर्षांपूर्वी कपड्यांचं दुकान विकलं. कागद चोख होते, पण ताबा देताना फसलो. १ तारखेपासून धंदा त्याचा, एवढंच लिहिलं होतं. आधीच्या आठवड्यात माझ्या नावाने गेलेली पार्सलं तीन आठवडे परत माझ्या दारात येत होती आणि कुरियरचे कॅशचे पैसे माझ्या खात्यात. माल कोणाचा, परतीचं भाडं कोणाचं, यावरून रोज फोन. शेवटी साडेअकरा हजार सोडून दिले. करारात लिहा: अमुक तारखेच्या रात्री १२ पर्यंत नोंदलेली ऑर्डर विकणाऱ्याची, तिचे पैसे, परतावा आणि परत आलेला मालही त्याचाच.

आणि ताई, ऑर्डर कुठल्या व्हॉट्सॲप नंबरवर येतात?

समईवाली:
माझ्या घरच्याच. बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात.

जुनी पेठ:
आजच नवं सिम घ्या आणि वेबसाइटवर तो नंबर टाका. जुने ग्राहक हळूहळू तिकडे वळू देत. डोमेन, इन्स्टाग्राम, जाहिरातीचं खातं, सगळ्यांचा ईमेलही दुकानाचा वेगळा करा. पेमेंट गेटवे मात्र त्याने स्वतःच्या केवायसीवर घ्यायचा. तो मंजूर होईपर्यंत ताब्याची तारीख ठरवू नका.

समईवाली:
जुळणीला आजच बसते. घेणारा म्हणतोय, २० टक्के रक्कम तीन महिने मागे ठेवतो. हो म्हणू का?

हिशेबनीस:
रक्कम तिऱ्हाइताकडे राहणार असेल आणि कधी सोडायची ते लिहिलेलं असेल तर हो म्हणा.

लाटकर:
मी तरी १० च्या वर जाणार नाही.