उ: भिजवलेलं पाणी आणि गॅस

"रात्रभर भिजवून पाच शिट्ट्या काढते, तरी छोल्यांनी गॅस होतोच."

भिजवलेल्या पाण्यातच शिजवत असाल तर होणारच! गॅस करणाऱ्या साखरा कुकरच्या उष्णतेने फारशा मोडत नाहीत, त्या पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी ओतून टाकायचं आणि ताज्या पाण्यात शिजवायचं. मीपण जीवनसत्त्वं जातील म्हणून तेच फेसाळ पाणी कुकरात घालायचे, बंद केल्यावर पोट बरंच शांत झालं (पूर्ण नाही हं).

छोल्यांतलं लोह-झिंक अंगी लागण्याचं गणित मात्र वेगळं, ते अडवून ठेवतं दाण्यातलं फायटिक अॅसिड आणि हे अॅसिडही कुकरला फारसं दाद देत नाही. मोड येताना दाण्यातलंच फायटेज एन्झाइम ते तोडायला लागतं, त्यामुळे भिजवून निथळल्यावर एखादा दिवस मोड येऊ द्या, मगच शिजवा. चिकट होऊन आंबूस वास आला तर सरळ फेका.