मॅनेजर नसलेल्या धंद्यात टार्गेट आणि मीटिंग... खरंच चालतं का?

मसालेवाली: मी आणि माझी जाऊ, कांदा लसूण मसाला करतो, हाताखाली एक मावशी. जुलै ते सप्टेंबर 6 लाख विक्रीचं टार्गेट ठेवलं होतं आणि चक्क गाठलं. पण आता मिरचीवाल्याला द्यायला पैसे नाहीत! दर महिन्याला हिशोबाला बसायचं ठरवलं होतं, दोनदा बसलो, मग राहिलंच. आमच्यात साहेब कोणी नाही, मग विचारणार कोण? टार्गेटच चुकलं का आमचं?

गल्लाबहाद्दर: टार्गेट वगैरे कंपन्यांचे चोचले आहेत ताई. माझं किराणा दुकान 22 वर्षं चालू आहे, रोज रात्री गल्ला मोजायचा, कालच्यापेक्षा कमी दिसला की कारण शोधायचं, झालं. तिमाही कसली नि काय.

जमाखर्च: दादा, तुमच्याकडे माल आठवड्यात फिरतो म्हणून गल्ला खरं बोलतो. यांची वर्षाची मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन माल आला की भरायची, तेव्हा गल्ला रिकामा आणि एप्रिल-मेमध्ये घरोघरचे वर्षाचे मसाले सुटले की भरलेला, दोन्ही वेळा तो फसवणारच.

ताई, दुकानांना काय भावाने देता आणि घरगुती गिऱ्हाइकाला काय? किलोमागे मिरची, खोबरं, तेल, कुटणावळ, पाकीट धरून खर्च किती येतो?

मसालेवाली: दुकानाला 640, घरगुती 800. खर्च 430 च्या आसपास. भाडं, लाइट, मावशींचा पगार मिळून महिन्याला 24 हजार, आणि आम्हा दोघींना 20-20 हजार तरी सुटायला हवेत.

जमाखर्च: म्हणजे महिन्याला 64 हजार सुटायला हवेत, तुमचं टार्गेट हे आहे, विक्री नाही. दुकानाच्या किलोमागे 210 सुटतात, घरगुतीच्या 370. सगळा माल दुकानांतून काढलात तर 305 किलो कुटावा लागेल, विक्री होईल 1 लाख 95 हजार. तेच 100 किलो घरगुती गेला तर दुकानाचा 129 किलो पुरतो, विक्री दिसते फक्त 1 लाख 63 हजार पण हातात तेवढेच उरतात. विक्रीचा आकडा भिंतीवर लावला की माणूस सोप्या वाटेने जातो, दुकानदाराला "घ्या हो, पैसे नंतर द्या" म्हणतो. उधारी किती अडकलीय?

मसालेवाली: 1 लाख 90 हजार 🙈 त्यात दोन दुकानं जूनपासूनची.

जमाखर्च: वाटलंच. मग या तिमाहीला दोनच आकडे ठेवा, घरगुती महिन्याला 100 किलो, आणि डिसेंबरअखेर उधारी 60 हजारांच्या आत. जानेवारी-मार्चला नफ्याचं टार्गेट ठेवूच नका, तेव्हा मिरची भरायला रोख किती साठली एवढंच बघायचं. बैठक डंक बंद असतो त्या दिवशी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तासभर. आधी मागच्या वेळी कोणी काय करायचं ठरलं होतं ते वाचायचं, मग उधारीची वही. 45 दिवसांवर गेलेल्या दुकानाला नवीन माल बंद, हे आत्ताच ठरवून ठेवा म्हणजे त्या दिवशी भीडेचा प्रश्न येत नाही.

पान्हा_नंबर_12: आमचं गॅरेज, दोघे पार्टनर. महिन्याची बैठक सुरू केली आणि तिसऱ्या महिन्यात भांडण, कारण कागदावर माझी कामं झालेली आणि त्याची बाकी. मग आम्ही वही बदलली, नाव लिहायचंच नाही, फक्त काम आणि तारीख. भांडण थांबलं पण कामंही थांबली 😄 जावाजावांत तर अवघडच.

उद्योगी_निखिल: एक मॅनेजर ठेवा ना, पार्टटाइम 15 हजारात मिळतो.

जमाखर्च: निखिल, त्या 15 हजारांसाठी अजून 72 किलो दुकानात विकावा लागेल, हिशोब वर आहे. त्यापेक्षा नात्याबाहेरचं कोणीतरी तासभर बसवा, रिटायर्ड बँकवाले काका चालतील, त्यांनी फक्त वही वाचायची, सल्ला द्यायचा नाही. नावं मात्र लिहाच.

गल्लाबहाद्दर: बरं, उधारीचं पटलं. पण मिरची मध्येच किलोला 60 रुपये चढली तर तुमच्या तिमाहीचं काय? मी तर दुसऱ्या दिवशी भाव बदलतो.

जमाखर्च: भाव बदलायला तिमाही संपायची वाट कोण बघतं? दर बैठकीत किलोचा खर्च नव्याने मांडायचा. 64 हजार तेच राहतात, किलो बदलतात. हां, 100 किलो घरगुतीचा आकडा मात्र मी अंदाजाने टाकलाय, ते ताईंनाच माहीत.

मसालेवाली: पावसाळ्यानंतर 100 नाही होणार, 70 होतील. आणि त्या दोन दुकानांतलं एक जाऊबाईंच्या मामांचं आहे, त्यांना माल बंद कोण सांगणार? काकांना बसवायचं बघते, पण घरचा हिशोब बाहेरच्याला दाखवायला सासरे तयार होतील असं वाटत नाही.