मुलाखत 19ला, पासपोर्ट अजून अडकलेला. तारीख बदलायला मेल कसा लिहावा?

दांडियाबाजारकर: आईच्या अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसासाठी मुंबईत 18ला बोटांचे ठसे आणि 19ला मुलाखत आहे. पासपोर्ट रिन्यूला दिलाय, पोलिस व्हेरिफिकेशन होतच नाहीये. जुन्यावर रद्दचा शिक्का बसला. मेलमध्ये काय लिहू?

निशिगंध: सगळं सविस्तर लिहा, तारीख तेच बदलून देतात. कितीही वेळा बदलता येते, फी एकदाच.

रेवाकाठ: निशिगंध, असं कितीही वेळा बदलता येत नाही. 1 जानेवारी 2025 पासून भारतात तारीख एकदाच फुकट बदलता येते. त्यानंतर बदलायची वेळ आली किंवा गैरहजर राहिलात, की परत फी भरायची, म्हणजे 185 डॉलर. आणि बदल व्हिसाच्या साइटवरच्या लॉगिनमधून आपणच करायचा असतो. नुसता मेल गेला म्हणून तारीख हलत नाही.

म्हणून दादा, ही एक संधी घाईत घालवू नका. व्हेरिफिकेशन झालेलं नसताना पुढच्याच आठवड्याची तारीख घेतलीत आणि तीही हुकली, तर फी गेलीच. पासपोर्ट हाती येईल असं वाटतं त्याच्यापुढे दोन-तीन आठवडे मोकळे ठेवा. आधी कॅलेंडरमध्ये तारखा आहेत का ते बघा. रद्द करायचं बटण मात्र दाबू नका. ठसे आणि मुलाखत दोन्ही पुढे न्यायच्या, ठसे आधी.

नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा असतो, त्यामुळे DS-160 हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म नव्याने भरून त्याचा कन्फर्मेशन नंबर प्रोफाइलमध्येही बदला. इथे बरेच जण अडकतात: तारीख नीट बदलतात, पण जुनाच फॉर्म घेऊन जातात.

मेल लागतो तो लॉगिनमधून बदल होईना तेव्हा. विषयातच पासपोर्टवरचं नाव, DS-160 चा नंबर आणि सध्याची तारीख घाला. आत चार ओळी पुरे: पासपोर्टचा अर्ज कधी केला, फाईल नंबर काय, व्हेरिफिकेशन कुठे थांबलंय, कोणत्या तारखेनंतर यायला जमेल. सोबत पासपोर्टच्या अर्जाची पावती आणि स्टेटसच्या पानाचा स्क्रीनशॉट. ‘अत्यंत तातडीचे कारण’ असं लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही, फाईल नंबरवरून कळतं.

निजामपुरा_७: आमचं शेंगेनचं आहे, अहमदाबादला. पावसामुळे गाड्या बंद झाल्या तर हाच मेल चालेल का?

रेवाकाठ: तुमचं वेगळं, त्या सेंटरचे नियम बघा. रेल्वेचा गाडी रद्द झाल्याचा मेसेज जोडा, नुसतं ‘पाऊस आहे’ म्हणू नका. पण शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या निदान 15 दिवस आधी द्यावा लागतो. नवी तारीख त्याच्या आत येत असेल तर तिकीटही पुढे न्यावं लागेल.

दांडियाबाजारकर: समजा नव्या तारखेलाही पोलिसांचा रिपोर्ट आला नाही, तर चूक आपली नसताना फी माफ होते का?

निशिगंध: मागून बघायला काय हरकत आहे?

रेवाकाठ: मागा, पण तेवढ्यावर विसंबू नका. त्यापेक्षा उद्या फाईल नंबर घेऊन पोलिस स्टेशनला जा, कागद कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा. तारीख त्यानंतरच बदला, पण 17ची वाट बघू नका.