मदत हवी आहे: ताईसाठी इंजेक्शन की ऑपरेशन?

खाडीकाठ: माझी ताई देवगडजवळ राहते. वय 46, उंची 155 सेंमी, वजन 86 किलो. डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. भात कमी केला, रोज चालली. चार किलो उतरलं आणि पुन्हा चढलं. कणकवलीचे डॉक्टर वजन आणि साखर उतरवणारं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन म्हणतात, कोल्हापूरचे सर्जन जठर लहान करायचं स्लीव्हचं ऑपरेशन. भाऊजी म्हणतात, पथ्य नीट पाळलं तर दोन्ही नको. काय करावं?

माडाचीवाडी: इंजेक्शन घेऊ नका. बंद केलं की वजन परत येतं. ऑपरेशन एकदा केलं की सुटका.

आहारवाली: वजन परत येतं हे खरं, पण ऑपरेशननंतर सुटका होते हे खरं नाही. मी बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या ऑपरेशनच्या विभागात आहारतज्ज्ञ आहे. ताईंचा बीएमआय जवळपास 36 येतो आणि डायबेटिसही आहे, त्यामुळे त्या दोन्हींत बसतात. नुसत्या पथ्याने एवढं वजन उतरून टिकणं फार थोड्यांना जमतं. भाऊजींना सांगा, यात ताईंची कुचराई नाही. पथ्य मात्र दोन्हीकडे लागतंच.

इंजेक्शन ठरलं तर आधी ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का ते डॉक्टरांना विचारा. दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड झाली की लगेच ग्लुकोमीटरवर बघा. कधी पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, झाला असेल किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर आधीच सांगा.

ऑपरेशननंतर बी12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर. प्रथिनं दिवसाला निदान 60 ग्रॅम. बांगडा, अंडी, डाळ आधी खायची, भात शेवटी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर गावातल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घेऊ नका. आधी थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व, द्यायला सांगा आणि सर्जनना फोन लावा. थायमिन संपलं तर डोळे तिरळे होतात, चालताना तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं, आणि ते नुकसान कधी कधी भरून येत नाही.

सागरिका_र: माझं 62 किलो, उंची 160. मे महिन्यात लग्न आहे, मला इंजेक्शन चालेल का?

आहारवाली: तुमचा बीएमआय 24 आहे, हे औषध तुमच्यासाठी नाही. पुढे गरोदरपणाचा विचार असेल तर त्या काळातही ते चालत नाही.

खाडीकाठ: आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट जाते. पेन कसं टिकणार?

आहारवाली: न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. काही दिवस बाहेर चालतं, पण 30 अंशांच्या आत. किती दिवस ते पेनच्या पाकिटावर असतं. लाईट गेली की फ्रिज उघडू नका. आणि औषध सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की तिथला जुना त्रास वाढू शकतो.

माडाचीवाडी: आमच्या मामेभावाने ऑपरेशननंतर गोळ्या सोडल्या. आता हातापायांना मुंग्या येतात म्हणतो. ते यामुळेच का?

आहारवाली: बी12 कमी असू शकतं, पण डायबेटिसनेही मुंग्या येतात. याच आठवड्यात रक्त तपासायला सांगा.

खाडीकाठ: ताई डोळे तपासायला जाते आहे. ऑपरेशन झालं तर बी12 चं इंजेक्शन आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं का, की दर वेळी कोल्हापूर गाठावं लागेल? इकडच्या कुणाला अनुभव असेल तर सांगा.